सव्वीस आठवडे म्हणजे एकशे ब्याऐंशी दिवस

बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची असते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मार्च २०१७ मध्ये कायदा बदलला आणि १ एप्रिलपासून बारा आठवड्यांचे सव्वीस झाले, तेव्हा बातमी सगळीकडे होती. पण रजा किती, हा अर्धाच प्रश्न. त्या रजेत हातात पैसे किती येणार, हे दोन आकड्यांच्या गुणाकारावर ठरतं. एक आकडा रोजाचा, दुसरा दिवसांचा. महिन्याला ठरलेला पगार घेणाऱ्या बाईला हा गुणाकार सहसा दिसतही नाही. तिचा पगार खात्यात येत राहतो. रोजावर, नगावर किंवा हजेरीवर काम करणारीला मात्र तो कुणीतरी कागदावर करून देतो आणि चूक होते ती तिथंच. शिवाय चूक बहुतेक वेळा एकाच दिशेला झुकलेली असते.

आधी दिवसांचं पाहू, कारण त्याचा निकाल पन्नास वर्षांपूर्वीच लागला आहे.

तमिळनाडूतल्या कोइमतूर जिल्ह्यातल्या एका मळ्यावर काम करणारी बाई १९६७ च्या डिसेंबरात बाळंतपणाच्या रजेवर गेली. तेव्हा रजा बारा आठवड्यांची होती. मळ्याच्या व्यवस्थापनाने तिच्या रोजाला बहात्तरने गुणलं आणि पैसे दिले. बारा आठवडे, आठवड्याचे कामाचे दिवस सहा, म्हणून बहात्तर. रविवारी काम नाही, रविवारचा रोज एरवीही मिळत नाही, मग रजेत तो कशाला द्यायचा, असा त्यांचा हिशेब. बाईचं म्हणणं होतं की आठवडा सात दिवसांचा असतो, तर दिवस चौऱ्याऐंशी झाले. मागणी बारा रविवारांच्या रोजाची, म्हणजे तशी किरकोळ रकमेची होती. पण तो वाद कामगार न्यायालयातून मद्रास उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बी. शाह विरुद्ध कोइमतूरच्या कामगार न्यायालयाचे पीठासीन अधिकारी, असं त्या खटल्याचं नाव. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाईच्या बाजूने निकाल दिला.

न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. कायद्यात ‘आठवडा’ लिहिलं आहे, ‘कामाचे दिवस’ नाही. आठवडा म्हणजे रविवारसकट सात दिवस. म्हणून बिनपगारी सुट्टीचे दिवसही गुणाकारात धरायचे. यामुळे बाईला कामावर असताना मिळतं त्यापेक्षा घरी असताना थोडं जास्त मिळेल, हे न्यायालयाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. ते निकालात उघडपणे मांडलेलं आहे आणि तसंच हवं, असंही म्हटलेलं आहे. कायद्याचा हेतू बाईने जगावं, गेलेली ताकद भरून काढावी, मूल सांभाळावं आणि नंतर पूर्वीच्याच जोमाने कामाला उभं राहावं, असा आहे. त्या काळात खर्च रविवारी थांबत नाही.

म्हणजे आज सव्वीस आठवडे असतील तर दिवस १८२. २६ गुणिले ६ करून येणारे १५६ नाहीत. तिसऱ्या वेळी, म्हणजे आधीची दोन किंवा अधिक मुलं हयात असतील तर रजा बारा आठवड्यांची, म्हणून दिवस ८४. पहिल्याच बाळंतपणात जुळं झालं असेल तर पुढच्या खेपेला मिळणारे आठवडे बाराच, कारण कायदा बाळंतपणं मोजत नाही, मुलं मोजतो.

आता रोज. इथं थोडं सावकाश जावं लागतं.

१९६१ चा मातृत्व लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. ही संहिता संसदेत २०२० साली मंजूर झाली, पण अमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ ला. रोज काढायची रीत मात्र जुन्या कायद्यात होती तीच नव्यातही ठेवली आहे. बाई ज्या तारखेपासून बाळंतपणासाठी गैरहजर राहते, त्या तारखेच्या लगेच आधीचे तीन कॅलेंडर महिने घ्यायचे. त्या तीन महिन्यांत तिने ज्या दिवशी काम केलं, त्या दिवसांचं वेतन एकत्र करायचं आणि त्याला तेवढ्याच दिवसांनी भागायचं. आलेला आकडा म्हणजे सरासरी दैनंदिन वेतन. तो त्या कामाच्या किमान वेतनापेक्षा कमी असेल तर किमान वेतनाचा दर धरायचा. १९६१ च्या मूळ कायद्यात खालची मर्यादा दिवसाला एक रुपया होती, १९८८ च्या दुरुस्तीने ती दहा रुपये झाली आणि किमान वेतनाशी जोडली गेली.

सगळी गोम ‘ज्या दिवशी काम केलं’ या चार शब्दांत आहे. भागाकार कामाच्या दिवसांनी करायचा आणि गुणाकार सगळ्या दिवसांनी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. हिशेबनीस मंडळींना तर हे पचतच नाही. त्यांचा हात सवयीने दोन्हीकडे एकच माप वापरायला जातो.

एक उदाहरण घेऊ. पुण्याजवळच्या एका कपड्यांच्या कारखान्यात, जिथं चाळीसेक माणसं आहेत, एक अनुभवी शिलाई कामगार नगावर काम करते. नमुन्याचे कपडे शिवण्यात तिचा हात बसलेला आहे, त्यामुळे कमाई बरी आहे. रविवारी कारखाना बंद असतो आणि त्या दिवसाचं काही मिळत नाही. तिची प्रसूतीची अपेक्षित तारीख २२ मार्च आहे. ती १ फेब्रुवारीपासून रजेवर जाते. कायदा अपेक्षित तारखेच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेऊ देतो, ती सात घेते. म्हणजे हिशेबाचे महिने नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी.

नोव्हेंबरात तिची हजेरी २४ दिवस भरली आणि कमाई २८,८०० रुपये झाली. डिसेंबरात २२ दिवस, २५,३०० रुपये. जानेवारीत पाय सुजायला लागले, मशीनवर बसवेना, दिवस भरले १८ आणि कमाई झाली १९,५०० रुपये. तिन्ही मिळून ७३,६०० रुपये, दिवस ६४. भागाकार केला की रोज निघतो १,१५० रुपये. त्याला १८२ ने गुणलं की २,०९,३०० रुपये. हा तिचा हक्काचा आकडा.

आता कारखान्याच्या कारकुनाने हाच हिशेब त्याच्या सवयीने केला असं समजा. तीन महिने म्हणजे ३०, ३१ आणि ३१, एकूण ९२ दिवस. ७३,६०० ला ९२ ने भागलं तर रोज ८०० रुपये येतो. १८२ ने गुणून १,४५,६०० रुपये. एका भागाकारात बाईचे ६३,७०० रुपये गेले. कागदावर मात्र सगळं नीट दिसतं. तीन महिन्यांची कमाई खरी, दिवस कॅलेंडरप्रमाणे, गुणाकारही बरोबर.

दुसरा कारकून उलट चूक करतो. तो रोज बरोबर १,१५० काढतो, पण रविवार वगळून १५६ ने गुणतो. उत्तर १,७९,४०० रुपये, म्हणजे २९,९०० रुपये कमी. आणि दोन्ही चुका एकाच कागदावर झाल्या तर ८०० गुणिले १५६, म्हणजे १,२४,८०० रुपये. हक्काच्या रकमेपेक्षा ८४,५०० रुपयांनी कमी. प्रत्येक पायरीवर ‘रविवारचं कसं देणार’ हा एकच प्रश्न आहे आणि तो दोनदा विचारला की बाईचे रविवार दोनदा कापले जातात. एकदा रोज पातळ करून, दुसऱ्यांदा दिवस गाळून.

हे ओळखायला वकील लागत नाही. तीन आकडे मागायचे: धरलेली कमाई किती, भागाकार किती दिवसांनी केला आणि गुणाकार किती दिवसांनी केला. कमाई पगाराच्या पावत्यांवर असते, दिवस हजेरीपटावर. नुसती एकरकमी रक्कम हातात दिली असेल आणि फोड मिळत नसेल, तर ती रक्कम स्वतः काढलेल्या रोजाने भागून पाहायची. उत्तर १८२ आलं तर ठीक. १५६ च्या आसपास आलं तर रविवार गेले. भलताच आडवा आकडा आला तर भागाकारात काहीतरी झालं आहे. आमच्या उदाहरणात १,४५,६०० ला १,१५० ने भागलं तर १२६.६ येतात. इतके दिवस कुठल्याच कायद्यात नाहीत.

कामाच्या दिवसांनी भागण्यात एक शहाणपण आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत खाडे होतातच. खाड्यांमुळे महिन्याची कमाई घटते, पण भागणारे दिवसही तेवढेच घटतात, म्हणून रोज टिकून राहतो. आपल्या शिलाई कामगाराचे जानेवारीत आठेक दिवस बुडाले, तरी त्याचा रोजावर परिणाम झाला नाही. जे बुडालं ते त्या दिवसांपुरतंच बुडालं.

पण या रीतीने सगळं सांभाळलं जात नाही. नगावर काम करणारीचा हातही मंदावतो. नोव्हेंबरात ती दिवसाला सरासरी १,२०० रुपयांचं काम करत होती, डिसेंबरात १,१५० आणि जानेवारीत जेमतेम १,०८३. ही घसरण सरासरीत उतरते, कारण त्या दिवशी तिने काम केलं होतं. थोडक्यात, आजारपणात घरी राहिली तर रोज शाबूत आणि तशीच रेटून कामावर आली तर रोज कमी. कायद्याने हे ठरवून केलं असेल असं वाटत नाही. सरासरी ज्या काळात शरीर थकलेलं असतं, नेमक्या त्याच काळाची घेतली जाते, ही या पद्धतीतली उघड उणीव आहे. सहा महिन्यांची किंवा वर्षाची सरासरी घेतली असती तर ती थोडी बुजली असती.

पैसे मिळण्याचंही वेळापत्रक आहे आणि ते फारसं कुणी पाळताना दिसत नाही. प्रसूतीआधीच्या काळाचे पैसे, गरोदर असल्याचा दाखला दिला की आगाऊ द्यायचे असतात. उरलेले पैसे प्रसूती झाल्याचा दाखला दिल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत. आपल्या उदाहरणात १ फेब्रुवारी ते २१ मार्च हे ४९ दिवस, म्हणजे ५६,३५० रुपये आधी आणि उरलेल्या १३३ दिवसांचे १,५२,९५० रुपये नंतर. बाळ दहा दिवस उशिरा झालं तरी एकूण १८२ दिवस तेवढेच राहतात, फक्त आधीचे वाढतात आणि नंतरचे घटतात. मालकाने प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरच्या उपचारांची फुकट सोय केली नसेल तर याशिवाय ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस. रजेची नोटीस आधी द्यायची असते, पण ती द्यायची राहिली म्हणून हक्क बुडत नाही. रजा संपायच्या आधीच कामावर परत यायचं तर आलेल्या दिवसांचा लाभ सुटतो. आणि प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तर बाई स्वतः तयार असली तरी तिला कामावर घ्यायला बंदी आहे.

महिन्याच्या ठरलेल्या पगारावर असलेल्या बाईला हा भागाकार-गुणाकार सहसा करावा लागत नाही. तिच्या पगारात रविवार आधीच धरलेला असतो आणि बहुतेक कार्यालयं सहा महिने पगार तसाच चालू ठेवतात. पण नव्या संहितेने तिच्यासाठी एक वेगळाच प्रश्न उभा केला आहे आणि त्याकडे अजून फारसं लक्ष गेलेलं नाही. प्रश्न आहे ‘वेतन’ म्हणजे काय याचा.

१९६१ च्या कायद्यात वेतनात रोख भत्ते धरलेले होते. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता यांचा तर नावानिशी उल्लेख होता. ओव्हरटाइम, साधा बोनस, मालकाने भरलेला भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी एवढंच बाहेर. नव्या संहितेतली व्याख्या उलट बाजूने येते. तिच्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता आत आहेत, तर घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता वगैरे बाहेर. फक्त या बाहेरच्या गोष्टी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर निम्म्याच्या वरचा भाग पुन्हा वेतनात ओढून घ्यायचा.

समजा एखादीला महिन्याला ६०,००० रुपये मिळतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २२,०००, घरभाडे २२,००० आणि प्रवास भत्ता १६,०००. जुन्या व्याख्येप्रमाणे बाळंतपणाच्या लाभासाठी सगळे ६०,००० धरले जायचे. नव्या व्याख्येत भत्ते ३८,००० होतात, निम्मे म्हणजे ३०,०००, वरचे ८,००० वेतनात परत येतात आणि वेतन होतं ३०,०००. निम्म्याचा हा नियम आणला गेला तो मूळ पगार मुद्दाम लहान ठेवून भविष्य निर्वाह निधी वाचवणाऱ्या मालकांना आळा घालायला. निधी आणि ग्रॅच्युइटीच्या बाबतीत तो कामगाराच्या फायद्याचा आहे. बाळंतपणाच्या लाभाला मात्र तोच नियम अक्षरशः लावला तर पूर्वी मिळणारी रक्कम निम्म्यावर येऊ शकते. कायदा सांगतो तो कमीत कमी आकडा, मालकाने पूर्ण पगार चालू ठेवायला कुणाची आडकाठी नाही, आणि मोठ्या कंपन्या तसं करतीलही. पण ज्यांच्या नेमणूकपत्रात ‘कायद्याप्रमाणे लाभ मिळेल’ एवढीच ओळ आहे, त्यांनी आपल्या पगाराची फोड रजेच्या आधीच नीट पाहून ठेवावी आणि ‘पूर्ण पगार’ म्हणजे काय ते लेखी विचारून घ्यावं.

सरकारी नोकरीत ही भानगडच नाही. केंद्राच्या रजा नियमांत १८० दिवसांची रजा आहे आणि रजेवर जाण्यापूर्वी जो पगार होता तोच मिळत राहतो. सरासरी नाही, भागाकार नाही.

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू असलेल्या बाईचा रस्ता पुन्हा निराळा. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार या विम्यात येतात. तिथं मालक पैसे देत नाही, महामंडळ देतं. दिवस तेच, सव्वीस आठवडे. रोजही पूर्ण मिळतो, फक्त सरासरी तीन महिन्यांची नसते. वर्षाचे दोन हप्ते पाडलेले आहेत, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, आणि त्यातल्या वर्गणी भरलेल्या काळावरून रोज ठरतो. आधीच्या दोन हप्त्यांत मिळून किमान सत्तर दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कारखानदाराने बाईच्या पगारातून वर्गणी कापली पण महामंडळाकडे तिचे दिवस कमी दाखवले, हे बाळंतपणाच्या अर्जाच्या वेळीच उघडकीला येतं. म्हणून दिवस गेल्याचं कळताच आपल्या विमा क्रमांकावर किती दिवस जमा आहेत हे तपासून घेणं बरं.

विम्याबाहेरच्या बाईला पात्रतेसाठी लागतात ऐंशी दिवस. अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत तिने त्या मालकाकडे निदान ऐंशी दिवस काम केलेलं असावं. १९८९ पूर्वी हे एकशे साठ होते. आपली शिलाई कामगार समजा ऑक्टोबरातच या कारखान्यात आली आणि त्या महिन्यात तिने २० दिवस भरले. ६४ आणि २० मिळून ८४. ती पात्र आहे, आणि रजाही पूर्ण सव्वीस आठवड्यांची. चार महिने काम, सहा महिन्यांचा रोज. हे वाचून एखाद्या लहान कारखानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या तर त्याला मी दोष देणार नाही. चाळीस माणसांच्या कारखान्याला दोन लाखांहून जास्त रक्कम एका खर्चात काढायची, शिवाय तिच्या जागी दुसरी शिवणारी आणायची, हे जड आहे. याचा परिणामही दिसतो, फक्त तो कुठल्या नोंदवहीत येत नाही. नवी लग्न झालेली मुलगी मुलाखतीतूनच परत जाते.

दुसरी पळवाट कंत्राटाची. अकरा महिन्यांची नेमणूक, मग चार-सहा दिवसांचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. महाराष्ट्रात दवाखान्यांपासून महाविद्यालयांपर्यंत ही रीत रुळली आहे. बाईला दिवस गेले की पुढची नेमणूक होत नाही आणि कंत्राट संपलं म्हणून रजेचे पैसेही थांबतात. कविता यादव यांच्या खटल्यात ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचं ठरवलं. ऐंशी दिवसांची अट पूर्ण झाली असेल, तर मधेच कंत्राट संपलं तरी सव्वीस आठवड्यांचा लाभ द्यावाच लागेल, कारण लाभाचा काळ नेमणुकीच्या काळापलीकडे जाऊ शकतो. त्याआधी २००० साली दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदारी बायकांनाही हा हक्क आहे, असा निकाल याच न्यायालयाने दिला होता. रस्त्याचं काम करणाऱ्या त्या बायका वर्षानुवर्षं कामावर होत्या, फक्त कायम नव्हत्या.

हा खर्च कुणी उचलायचा, हा वाद मुंबईला नवा नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी आणि कारखान्यांतल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचं विधेयक चर्चेला आलं, तेव्हा त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मोठ्या प्रमाणावर सरकारने उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. पण सरकार उचलत नाही म्हणून मालकाला मोकळं सोडता येणार नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तर या काळात तिला काही द्यायची जबाबदारी त्याचीही आहे. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला पहिला. आंबेडकरांच्या बोलण्यातला दुसरा अर्धा भाग कायद्याने घेतला, पहिला बराचसा राहूनच गेला. ईएसआयमध्ये मालक-कामगारांच्या वर्गणीतून का होईना, भार वाटला जातो. विम्याबाहेर मात्र सगळा बोजा एकट्या मालकावर आहे, आणि लहान मालक तो टाळायची वाट शोधतो.

या सगळ्या हिशेबाला काही बायकांच्या बाबतीत सुरुवातच होत नाही. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास साखर कारखान्यांच्या परिसरात जाणाऱ्या ऊसतोड मजूर बाईचं घ्या. तिची नेमणूक तिच्या नावावर नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादम हंगामाच्या आधी जोडप्याला उचल देतो आणि तोडलेल्या टनांतून ती फिटत जाते. हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही. तिची कमाई किती, हे वेगळं काढताच येत नाही, मग तीन महिन्यांच्या कमाईला कामाच्या दिवसांनी भागायचं कसं? शिवाय मालक कोण, कारखाना, वाहतूक ठेकेदार की मुकादम, यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

तिच्या जगात दिवस मोजला जातो तो उलट्या बाजूने. कामावर आली नाही तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. पाळीच्या त्रासाने आणि सततच्या दुखण्याने खाडे पडतात, म्हणून कमी वयात गर्भाशय काढून टाकलेल्या बायकांची प्रकरणं बीड जिल्ह्यातून पुढे आली, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलासाठी मिळणारे पाच हजार रुपये हा अशा बाईसाठी सरकारी आधार. आपल्या शिलाई कामगाराच्या रोजाने मोजलं तर ते पाच दिवससुद्धा भरत नाहीत. ऊसतोड बाईला तिची हजेरी आणि तिचा रोज तिच्या स्वतःच्या नावावर लिहिलेला मिळाला, तरच १८२ ने गुणायला काही आकडा हातात येईल. तोवर तिच्यासाठी कायद्यातलं ते कलम कोरंच आहे.